सर्क्लिपची खाच: व्यास, रुंदी आणि खोली टेबलातून कशी काढायची

शाफ्टवर बेअरिंग बसवलं की त्याला एका बाजूने शाफ्टचा खांदा अडवतो. दुसऱ्या बाजूला बहुतेक ठिकाणी सर्क्लिप असते. वर्कशॉपमध्ये तिला कुणी सर्क्लिप म्हणतं, कुणी नुसतं लॉक. स्प्रिंग स्टीलची ही उघड्या तोंडाची रिंग प्लायरने फाकवून शाफ्टवर चढवायची आणि तिच्यासाठी कापलेल्या खाचेत सोडायची, एवढंच बसवणं असतं. रिंग बाजारातून तयार येते, खाच मात्र आपल्याला कापावी लागते. म्हणून लॉक निसटलं तर बहुतेक वेळा दोष रिंगेत नसून खाचेत सापडतो.

खाचेची तीन मापं लागतात: तिच्या तळाचा व्यास, तिची रुंदी आणि तिची खोली. तिन्ही टेबलात मिळतात. तरी चुका होतात, कारण या तीन मापांचं आपसातलं नातं टेबल सांगत नाही. व्यास आणि रुंदी ही कापायची मापं आहेत. खोली ही त्यातून आपोआप निघणारी गोष्ट आहे, ती कापायचं माप म्हणून धरली की घोळ सुरू होतो. चौथं एक माप टेबलात नसतंच. ते म्हणजे खाच शाफ्टवर नेमकी कुठे कापायची. ते आपल्या जॉबवरून काढावं लागतं.

हे सगळं एकाच उदाहरणावर पाहू. २५ मिमीचा शाफ्ट, त्यावर ६२०५ नंबरचं बेअरिंग, आणि ते धरून ठेवायला शाफ्टवर बाहेरून बसणारी साधी सर्क्लिप. या रिंगेसाठी डीआयएन ४७१ हे जर्मन मानक सगळीकडे वापरलं जातं. आपल्याकडे तिच्यासाठी आयएस ३०७५ चा पहिला भाग आहे. बोअरच्या आत बसणाऱ्या रिंगेचं मानक वेगळं आहे, डीआयएन ४७२. त्याचं टेबल चुकून उघडलं तर पुढचं सगळंच चुकेल, म्हणून पान उघडल्यावर आधी चित्र पाहा. शाफ्टच्या रिंगेचे प्लायरसाठी भोकं असलेले कान बाहेरच्या बाजूला असतात, बोअरच्या रिंगेचे आतल्या बाजूला.

टेबलातली ओळ कशी वाचायची

टेबलात डावीकडे शाफ्टचा व्यास d1 असतो. त्याच ओळीत रिंगेची जाडी s, खाचेच्या तळाचा व्यास d2, खाचेची रुंदी m, खोली t आणि टोकाकडे सोडायचं अंतर n अशी मापं असतात. काही ओळी इथे देतो, सगळी मापं मिमीमध्ये:

| d1 | s | d2 | m | t | n |
|---|---|---|---|---|---|
| २० | १.२ | १९ | १.३ | ०.५ | १.५ |
| २५ | १.२ | २३.९ | १.३ | ०.५५ | १.७ |
| ३० | १.५ | २८.६ | १.६ | ०.७ | २.१ |
| ४० | १.७५ | ३७.५ | १.८५ | १.२५ | ३.८ |
| ५० | २ | ४७ | २.१५ | १.५ | ४.५ |

आपली ओळ २५ ची. रिंग १.२ मिमी जाड, खाचेचा तळ २३.९ मिमी व्यासाचा, रुंदी १.३ आणि खोली ०.५५.

कॉलम वरून खाली वाचला तर एक गोष्ट दिसते. शाफ्ट २० वरून ४० झाला, म्हणजे दुप्पट झाला, पण खोली अडीचपट झाली. २० आणि २५ या दोन्ही शाफ्टना एकाच जाडीची रिंग आहे, ३० ला मात्र जाडी उडी मारून १.५ होते. म्हणजे 'शाफ्टच्या इतके टक्के खोल' असा ठोकताळा इथे चालत नाही. प्रत्येक माप रिंगेची जाडी, तिचा ताण आणि खाचेला पेलायचा भार हे सगळं जुळवून ठरवलेलं आहे. दोन ओळींच्या मधलं माप अंदाजाने काढू नये. शाफ्टचा व्यास टेबलात नसेल तर काय करायचं ते पुढे येईल.

आता नातं. खोली t ही एका बाजूची, म्हणजे त्रिज्येवरची आहे. २५ मधून २३.९ वजा केले तर १.१ उरतात, त्याचे अर्धे ०.५५. हे फार साधं गणित आहे, पण चुका इथेच होतात. साध्या लेथवर क्रॉस स्लाइडची डायल दोन प्रकारची असते. काही मशीनवर एक रेघ म्हणजे टूल जितकं पुढे गेलं तितकं अंतर. काहींवर एक रेघ म्हणजे व्यासात पडलेला फरक. दुसऱ्या प्रकारची सवय असलेला माणूस पहिल्या प्रकारच्या मशीनवर १.१ फीड देतो आणि खाच २२.८ व्यासाची होते. ती उघड्या डोळ्यांना छान, खोल आणि भक्कम दिसते. पण ती बाद आहे, आणि का बाद आहे ते समजायला रिंगेचा एक आकडा लागतो.

व्यास रिंगेसाठी असतो

शाफ्टवर न चढवलेल्या, मोकळ्या रिंगेचा आतला व्यास टेबलात d3 या नावाने असतो. २५ च्या रिंगेसाठी तो २३.२ मिमी, वर ०.२१ आणि खाली ०.४२ पर्यंतच्या फरकाने. म्हणजे बाजारात मिळणारी सर्वात मोठी रिंग मोकळी असताना २३.४१ ची असेल.

खाचेच्या तळाला टॉलरन्स h12 आहे. या मापाला ते शून्य ते वजा ०.२१ होतं. म्हणजे तळ २३.९० ते २३.६९ च्या मध्ये कुठेही चालतो. वरच्या बाजूला काहीच सूट नाही, खालच्या बाजूला आहे. आता दोन टोकं समोरासमोर ठेवा. सर्वात लहान चालणारा तळ २३.६९ आणि सर्वात मोठी रिंग २३.४१. तरीही रिंग तळापेक्षा पाव मिमीहून जरा जास्तच लहान राहते. टॉलरन्सच्या आत कुठलीही रिंग कुठल्याही खाचेत बसवली तरी ती तळाला आवळूनच बसते.

हे आवळणं महत्त्वाचं आहे. त्यामुळे रिंग शाफ्टबरोबर फिरते, खडखडत नाही, आणि वेग वाढल्यावर बाहेर फेकली जायचा प्रयत्न करते तेव्हा तिला धरून ठेवतं तेच. आता २२.८ ची ती खोल खाच पुन्हा पाहा. २३.२ ची रिंग तिच्यात सैल पडते. हाताने फिरवली तर फिरते. मशीन चालू झाल्यावर ती खाचेत घासत राहते, भिंती खाते, आणि पुरेशा वेगात एका बाजूने वर चढून निसटते. बसवल्यावर रिंग बोटाने फिरवून पाहणं ही म्हणूनच सर्वात स्वस्त तपासणी आहे. साध्या रिंगेला बोटाच्या जोराने फिरू द्यायचं नाही.

उलट चूक म्हणजे उथळ खाच. तळ २४.३ राहिला तर रिंग अजून आवळून बसते, बोटाच्या तपासणीत पास होते आणि कारागिराला वाटतं काम चोख झालं. पण आता खोली फक्त ०.३५ उरली आहे. भिंत बुटकी झाली आणि भार पेलायची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटली. शिवाय रिंग कायमची जास्त फाकलेली राहते, म्हणजे तिच्यातला ताणही वाढतो.

ही उथळ खाच कुठून येते? सर्वात सरावाचं ठिकाण म्हणजे ग्राइंडिंगआधी कापलेली खाच. शाफ्ट टर्निंगमध्ये २५.४ ठेवला, कारण नंतर ग्राइंड करून २५ करायचा आहे. ड्रॉइंगवर फक्त 'खोली ०.५५' लिहिलेलं आहे. कारागीर २५.४ वरून इमानाने ०.५५ कापतो आणि तळ २४.३ वर येतो. ग्राइंडिंग झालं, शाफ्ट २५ झाला, खोली उरली ०.३५. या साखळीत प्रत्येकाने आपलं काम बरोबर केलं आणि जॉब बिघडला. दोष ड्रॉइंगचा आहे. ड्रॉइंगवर तळाचा व्यास २३.९ आणि त्याचं टॉलरन्स लिहायचं, खोली लिहायचीच असेल तर संदर्भ म्हणून कंसात. व्यास लिहिला की शाफ्ट आज २५.४ आहे की २५ आहे, यावर खाच अवलंबून राहत नाही.

रुंदी थोडी जास्त का

रिंग १.२ जाड आणि खाच १.३ रुंद. रुंदीला H13, म्हणजे या मापाला अधिक ०.१४, खाली शून्य. रिंगेच्या जाडीला वजा ०.०६. हिशेब केला तर रिंग आणि खाच यांच्यातली फट कमीत कमी ०.१० आणि जास्तीत जास्त ०.३० निघते.

ही फट अनेकांना खुपते. अचूक काम करायची सवय असलेला माणूस रिंग मापून १.२ ची घट्ट खाच कापायला निघतो. पण रिंग प्लायरने फाकवलेली, किंचित पिळवटलेली अशी खाचेत उतरते. तिला उतरायला जागा नसेल तर ती अर्धवट बसते. एका बाजूला तळाला टेकते, दुसऱ्या बाजूला वरच अडकून राहते. बाहेरून पटकन कळत नाही. कानांमधलं अंतर पाहिलं तर कळतं. पूर्ण बसलेल्या रिंगेत ते अंतर दर जॉबला जवळपास सारखं असतं, अर्धवट बसलेलीत ते जास्त दिसतं.

रुंदी वाढली तर ताकद कमी होते का? नाही. भार रिंगेवर एकाच दिशेने येतो, ती एकाच भिंतीला टेकते, आणि दुसरी भिंत किती लांब आहे याला भाराच्या दृष्टीने अर्थ नाही. म्हणूनच रुंदीचं टॉलरन्स इतकं मोकळं आहे. भार आलटून पालटून दोन्हीकडून येत असेल आणि रिंग खाचेत मागेपुढे आपटत असेल, तर मात्र फट कमी ठेवायला हवी.

खाच कापायला याच मापाचे इन्सर्ट मिळतात: १.१, १.३, १.६, १.८५, २.१५ असे. टेबलातली m हीच इन्सर्टची रुंदी, सरळ आत घालायचा आणि बाहेर काढायचा. हातात १.१ चाच असेल तर दोनदा घालून १.३ करता येते, फक्त भार घेणारी भिंत एकाच कापात यावी असं पाहायचं.

कामाची भिंत

मी तीन मापांवर जितका वेळ घालवला त्याहून जास्त या एका भिंतीवर घालवायला हवा, कारण सर्क्लिपची सगळी ताकद तिच्यात आहे.

बेअरिंग शाफ्टच्या टोकाकडे सरकू पाहतं. ते रिंगेला ढकलतं, रिंग खाचेच्या टोकाकडच्या भिंतीला टेकते. म्हणजे ०.५५ मिमी उंचीची, गोल फिरणारी ही पायरी सगळा भार घेते. ती किती घेईल, हे तिच्या क्षेत्रफळावरून काढता येतं:

```
A = 0.785 × (d1² − d2²)
  = 0.785 × (25² − 23.9²) ≈ 42 mm²
F = A × 200 / 1.2 ≈ 7000 N
```

२०० हा आकडा शाफ्टच्या धातूची यील्ड मर्यादा आहे, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. खालचा १.२ म्हणजे रिंगेची जाडी नव्हे, तो टोकाकडे सोडलेल्या अंतरासाठीचा गुणक आहे. मानकाच्या टेबलातली ताकद हीच मर्यादा धरून काढलेली आहे, आणि २५ च्या ओळीत खाचेची ताकद सुमारे ७ किलोन्यूटन दिसते. म्हणजे ढोबळ ७०० किलोचा स्थिर भार. शाफ्टचा धातू ३०० यील्डचा असेल तर हा आकडा दीडपट होईल. १०० यील्डचा मऊ ॲल्युमिनियम असेल तर निम्मा.

त्याच ओळीत रिंगेची स्वतःची ताकद १६ किलोन्यूटनच्या आसपास असते. दुपटीहून जास्त. म्हणजे या मापात भिंत आधी दबते, रिंग नंतर जाते. बिघडलेला जॉब हातात आला की हे डोळ्यांनी दिसतं: टोकाकडच्या भिंतीची कड बाहेर लवलेली असते, तिथे उठलेला धातू बोटाला लागतो, आणि रिंग मात्र जवळजवळ धड असते. अशा वेळी जाड रिंग घालून उपयोग नाही.

पण १६ चा हा आकडा एका अटीवर आहे. ज्या भागाला रिंग अडवते त्याची कड चौकोनी, तीक्ष्ण असली पाहिजे. बेअरिंगच्या आतल्या रिंगेला कोपऱ्यावर गोलाई असते, ६२०५ ला किमान १ मिमीची. त्यामुळे बेअरिंग रिंगेला तळाजवळ न दाबता वर, बाहेरच्या बाजूला दाबतं. रिंग छत्रीसारखी वाकू लागते आणि तिची ताकद या मापात मूळच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास खाली येते. टेबलात चॅम्फर असलेल्या भागासाठी वेगळा कॉलम असतो, तो पाहायला विसरू नका. बेअरिंगच्या कामात बहुतेकदा भिंतीपेक्षाही आधी हाच आकडा आड येतो. भार जास्त असेल तर रिंग आणि बेअरिंगच्या मध्ये तीक्ष्ण कडेचा कडक सपोर्ट वॉशर घालतात. मग खाचेची जागा ठरवताना त्याची जाडीही धरावी लागते.

भिंतीबाबत दोन गोष्टी ड्रॉइंगवर लिहिल्या जात नाहीत आणि म्हणून सुटतात. पहिली म्हणजे तळाचा कोपरा. कामाच्या भिंतीकडच्या कोपऱ्याची गोलाई रिंगेच्या जाडीच्या एक दशांशापेक्षा जास्त नको, म्हणजे आपल्या रिंगेला ०.१२ मिमी. साधा ग्रूव्हिंग इन्सर्ट ०.२ च्या नाकाचा असतो. त्याने कापलेल्या खाचेत रिंगेची कड कोपऱ्यातल्या गोलाईवर चढते, भिंतीला सपाट टेकत नाही, आणि भार आला की तिरपी होते. सर्क्लिपसाठीचे इन्सर्ट वेगळे, धारदार कोपऱ्याचे मिळतात. हाताने घासलेलं एचएसएस टूल असेल तर कोपरा मारू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीची वरची कड. बर काढायच्या नादात फाइल मारून कड ०.२ ने गोल केली तर ०.५५ पैकी ०.३५ च उभी भिंत उरली. उथळ खाचेएवढंच नुकसान. बर काढायची, पण कड मोडायची नाही.

तीक्ष्ण कोपऱ्याला किंमतही मोजावी लागते. शाफ्ट वाकत असेल तर अशा खाचेपाशी ताण एकवटतो आणि तिथून चीर सुरू होऊ शकते. म्हणून सर्क्लिपची खाच शाफ्टच्या टोकाकडे, जिथे वाकवणारा भार जवळजवळ नसतो, तिथे शोभते. दोन बेअरिंगच्या मध्ये गिअरशेजारी ती घालायची असेल तर आधी शाफ्टची थकव्याची ताकद तपासायला हवी.

टोकाकडे म्हणजे अगदी टोकालाही नाही. n हे माप त्यासाठीच आहे. कामाच्या भिंतीपासून शाफ्टच्या टोकापर्यंत आपल्या ओळीत किमान १.७ मिमी धातू हवा, साधारण खोलीच्या तिप्पट. त्याहून कमी ठेवला तर पुढची बारीक चकती भारासकट तुटून जाऊ शकते. टोकाला चॅम्फर असेल तर तो या १.७ मध्ये धरू नका.

खाच कुठे कापायची

आता टेबलात नसलेलं माप. ६२०५ ची रुंदी १५ मिमी, टॉलरन्स शून्य ते वजा ०.१२. रिंग जास्तीत जास्त १.२. बेअरिंग आणि रिंग दोन्ही सर्वात जाड निघाले तरी खांदा आणि कामाची भिंत यांच्यात मावले पाहिजेत. १५ अधिक १.२, म्हणजे १६.२. म्हणून ड्रॉइंगवर खांद्यापासून कामाच्या भिंतीपर्यंतचं अंतर १६.२, टॉलरन्स अधिक ०.१, असं द्यायचं. अंतर त्याच भिंतीपर्यंत मोजायचं, खाचेच्या आतल्या भिंतीपर्यंत किंवा मध्यापर्यंत नाही. भार त्या भिंतीवर येतो, बेअरिंगची जागा ती ठरवते, आणि रुंदीचं ढिलं टॉलरन्स मग या अंतरात मिसळत नाही.

आतली भिंत कुठे येते पाहा. १६.२ मधून १.३ गेले, १४.९ उरले. म्हणजे खाच बेअरिंगच्या खाली ०.१ मिमी शिरली. हे पाहून काही जण दचकतात आणि खाच बाहेर सरकवतात. गरज नाही. तिथे बेअरिंगला कोपऱ्याची गोलाई आहेच, बेअरिंग तिथे शाफ्टला टेकतही नाही. खाच बाहेर सरकवली तर तितकंच बेअरिंग मोकळं हलेल.

किती हलेल याचा हिशेब सोपा आहे. भिंत १६.३ वर, बेअरिंग १४.८८, रिंग १.१४. उरते ०.२८. म्हणजे वाईटात वाईट स्थितीत बेअरिंग पाव मिमीहून जरा जास्त सरकू शकतं, आणि उत्तम स्थितीत अजिबात नाही. पंखा, कन्व्हेयरचा रोलर यांना एवढं चालतं. जिथे चालत नाही तिथे बेअरिंग बसवून उरलेली फट मोजतात आणि तेवढ्या जाडीची शिम रिंग मध्ये घालतात. खाचेचं टॉलरन्स आवळत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रिंग घालताना तिच्या दोन बाजूही सारख्या नसतात. ती पट्टीतून ठोकून काढलेली असते, त्यामुळे एका बाजूची कड किंचित गोल आणि दुसरीची तीक्ष्ण असते. नखाने चाचपलं की कळतं. तीक्ष्ण बाजू कामाच्या भिंतीकडे, गोल बाजू बेअरिंगकडे. आणि प्लायरने शाफ्टवरून जाईल इतकीच फाकवायची. जास्त फाकवली तर रिंग कायमची मोठी होते, मग बरोबर कापलेल्या खाचेतही ती सैलच बसते.

मोजायचं कसं

१.३ मिमी रुंद खाचेत साध्या मायक्रोमीटरचा जबडा शिरत नाही. ब्लेड मायक्रोमीटर मिळत असेल तर उत्तम, त्याची पाती अशा खाचेत उतरते. नाहीतर व्हर्नियरच्या जबड्याच्या टोकाकडचा पातळ भाग वापरतात. तो तिरका धरला गेला तर व्यास जास्त दाखवतो, म्हणून दोनतीनदा हलवून सर्वात लहान आकडा घ्यायचा. डेप्थ गेजने खोली मोजून व्यास काढण्याच्या फंदात पडू नये, शाफ्टच्या व्यासातला फरक त्यात शिरतो आणि खोलीतली चूक व्यासात दुप्पट होते.

रुंदीसाठी १.३० ची पट्टी जावी आणि १.४४ ची जाऊ नये. दोन-चार जॉबपुरतं असेल तर रिंगेचीच बाहेरची कड खाचेत उभी घालून शाफ्टभोवती फिरवा. ती सगळीकडे मोकळी फिरली तर निदान अडकणारी जागा नाही, एवढं समजतं. खाच फार रुंद झाली आहे का, ते या तपासणीत समजत नाही.

शाफ्ट टेबलात नसेल तेव्हा

झिजलेला शाफ्ट ग्राइंड करून २४.६ झाला आहे, असं धरा. दुरुस्तीच्या कामात हे नेहमीचंच. २५ ची रिंग चालेल का? तळ २३.९ च ठेवला तर रिंगेच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, ती तितकीच आवळून बसेल. बदलली ती भिंत. खोली ०.३५ झाली. वरचं सूत्र २४.६ घालून पुन्हा सोडवलं तर क्षेत्रफळ ४२ ऐवजी २७ चौरस मिमीच्या जरा खाली येतं आणि खाचेची ताकद ७ ऐवजी साडेचार किलोन्यूटनच्या आसपास. प्रत्यक्ष भार त्याहून पुरेसा कमी असेल तर काम होईल. नसेल तर शाफ्ट बदला. पण खोली ०.५५ राखण्यासाठी तळ २३.५ करू नका. २३.४१ पर्यंतच्या रिंगेला मग जेमतेम पकड उरते.

इंच मापाच्या शाफ्टचा सापळा याहून बेरकी आहे. जुन्या आयात पंपांवर किंवा अमेरिकन मशीनवर १ इंचाचा, म्हणजे २५.४ मिमीचा शाफ्ट सापडतो. त्याच्या इंच मालिकेतल्या साध्या रिंगेची खाच ०.९४० इंच व्यासाची असते, म्हणजे २३.८८ मिमी. आपल्या २३.९ शी जवळजवळ तंतोतंत जुळतं. व्यास मोजणाऱ्याला वाटतं, चला, २५ ची रिंग बसेल. पण त्या खाचेची रुंदी ०.०४६ इंच आहे, म्हणजे १.१७ मिमी, कारण तिची मूळ रिंग १.०७ जाड. आपली रिंग १.१४ ते १.२० जाड. नग पातळ निघाला तर ती कशीबशी शिरते, जाड निघाला तर अर्धवट अडकते, आणि एकाच डब्यातल्या दोन रिंगा वेगवेगळ्या वागतात. अशा ठिकाणी रिंग घासून पातळ करण्यापेक्षा इंचाची रिंग मागवावी. ती मिळत नसेल तर आतल्या बाजूची भिंत मागे सरकवून खाच १.३ करावी. टोकाकडच्या भिंतीला हात लावू नये. मात्र मेट्रिक रिंग मूळ रिंगेपेक्षा ०.१३ पर्यंत जाड असल्यामुळे बेअरिंगला तेवढी जागा उरते का, हे मशीन जोडण्याआधी मोजून घ्यावं.